गोकाकचा धबधबा, तीन शायांत : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

आज बेळगावहून सकाळी निघून गोकाकला जाऊन आलो. हिडकलच्या धरणातून पाणी सुटलेले असल्यामुळे घटप्रभा काठोकाठ होती आणि साधारण ५२ मीटर उंचीचा तो घोड्याच्या नालेच्या आकाराचा कडा सबंध झाकला गेला होता. पलीकडच्या काठावरून कॅमेरा उभा धरून चाळीसएक छायाचित्रे घेतली. त्यांतले एक निवडले आहे. त्यात खाली दरी व झाडी, मध्ये कडा आणि पाणी, वर झुलत्या पुलाची बारीक रेघ, आणि अगदी माथ्यावर दोन बोटे ढगाळ आकाश आहे. या छायाचित्राचे जुन्या प्रवासी पोस्टरासारखे चित्र करून ते १२ × १८ इंची कागदावर स्क्रीनने, म्हणजे ताणलेल्या बारीक जाळीतून शाई ढकलून, छापायचे, असे ठरवले आहे. शाया तीनच, आणि चौथा रंग कागदाचा.

स्क्रीन निवडण्यामागे कारण आहे. संगणकावर जुनाट दिसणारा परिणाम पाच मिनिटांत मिळतो, पण तो छायाचित्रावर टाकलेल्या मळकट पडद्यासारखाच राहतो. जुनी पोस्टरे तशी दिसतात ती छपाईच्या मर्यादांमुळे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा वेगळी जाळी लागे, म्हणून रंग मोजके असत आणि आकार सपाट असत. अमेरिकेत १९३८ ते १९४१ या काळात राष्ट्रीय उद्यानांची जी पोस्टरे निघाली, ती स्क्रीननेच छापलेली होती. तीच मर्यादा स्वतःवर घालून घेतली, तर निम्मे निर्णय आपोआप होतील असा अंदाज आहे.

७ ऑगस्ट

पहिला प्रयत्न फसला. गिंप या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये छायाचित्र उघडून `Colors > Posterize` चालवले आणि पातळ्या चारवर आणल्या. रंग कमी झाले, पण आकार मुळीच कमी झाले नाहीत. कड्यावर हजारो ठिपक्यांचा चुरा पडला, झाडीत प्रत्येक पानाची कड राहिली, आणि आकाशात ढगांचे नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे उमटले. पोस्टराइझ हे साधन उजेडाच्या पातळ्या मोजते. कडा कोणता आणि त्याची सावली कोणती, हे त्याला कळत नाही. त्यामुळे उन्हातले पान आणि उन्हातला खडक ते एकाच रंगात टाकते.

तेव्हा रीत बदलली. छायाचित्राची एक लहान प्रत केली, रुंदी फक्त ६०० पिक्सेल, आणि तिच्यावर `Filters > Blur > Median Blur` चालवला. मीडियन ब्लर आकारांच्या कडा शाबूत ठेवून आतला बारीक चुरा पुसतो, म्हणून साध्या गॉसियन ब्लरपेक्षा तो इथे उपयोगी पडतो. मग `Colors > Threshold` ची, म्हणजे कोठवरचे काळे आणि कोठून पांढरे हे ठरवणाऱ्या उंबरठ्याची, मूठ सरकवत तीन ठिकाणी थांबलो आणि प्रत्येक वेळी काळ्या-पांढऱ्या चित्राची एक प्रत ठेवली. या तीन प्रती अंतिम चित्रात कोठेही जाणार नाहीत. सावलीचा मोठा आकार कोठून कोठवर जातो, एवढे त्या सांगतात. त्यांच्यावर ३६०० × ५४०० पिक्सेलचा, म्हणजे इंचाला ३०० या हिशेबाचा, कोरा थर ठेवून आकार हाताने गिरवायचे आहेत.

११ ऑगस्ट

सबंध रविवार कड्यातच गेला. गोकाकचा कडा वालुकाश्माचा आहे आणि त्याचे थर आडवे, एकावर एक रचलेल्या घड्यांसारखे दिसतात. छायाचित्रात नीट मोजले तर असे तीसहून अधिक थर आहेत. पहिल्यांदा मी ते सगळे काढले आणि कडा विटांच्या भिंतीसारखा दिसू लागला. मग एकेक थर गाळत गेलो. बारा उरले तेव्हाही गर्दी वाटत होती. सातवर आल्यावर मात्र त्याला कड्याचे वजन आले.

कोणते सात ठेवायचे, याचा निकष हळूहळू सापडला. ज्या थराची सावली पाण्याच्या धारेपर्यंत पोहोचते आणि तिथे तुटते, तो ठेवायचा, कारण पाणी खडकाच्या पुढून पडते हे तीच तुटलेली सावली सांगते. दोन्ही बाजूंना खडकातच विरणारा थर काढून टाकायचा. शिवाय सातही थर सारख्या जाडीचे ठेवले नाहीत. वरचे दोन जाड, मग एक अगदी पातळ, पुन्हा एक जाड, अशी विषम मांडणी केली. कडाही मुळात तसाच आहे.

आकार गिरवताना पाथचे साधन वापरले आणि वक्रांचे बिंदू शक्य तितके कमी ठेवले. कडेवर बिंदू वाढले की हात थरथरल्यासारखी रेघ येते. खडकाचे कोपरे मुद्दाम टोकदार ठेवले, झाडांच्या कडा मात्र गोल केल्या. झाडी पाच आकारांतच आटोपली, तिच्यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

१५ ऑगस्ट

सुट्टी होती म्हणून रंगांचा निर्णय घेतला. तीन शाया अशा: पिवळसर काव, विटकरी लाल आणि गडद नीळ. काव आणि नीळ एकमेकींवर पडल्या की पावसाळी झाडीचा काळपट हिरवा मिळतो. विटकरीवर नीळ पडली की जवळजवळ काळा असा तपकिरी येतो, तो कड्याच्या सावलीला चालेल. म्हणजे तीन शाया आणि कागद धरून चार रंग, त्यांत अधिक दोन मिश्रणे, असे सहा रंग हाती येतात. गिंपमध्ये प्रत्येक शाईचा वेगळा थर करून त्याची मोड `Multiply` ठेवली, म्हणजे पडद्यावर साधारण असेच मिश्रण दिसते.

अडचण पाण्याची आली. सवयीने मी पाणी कागदाचे, म्हणजे पांढरे सोडले होते. शहापुरात ज्यांच्याकडे छपाई करणार आहे त्या काकांना चित्र दाखवले, तर ते म्हणाले, "पांढरं पाणी काढलासा तर ते गोकाकचं कसं हुईल? पावसात तिथलं पाणी चहासारखं असतंय की." बोलणे खरे होते. छायाचित्रातही पाणी मातकटच आहे, माझ्या डोळ्यांनीच ते धुऊन घेतले होते.

म्हणून पाणी सपाट कावेचे केले, त्यावर विटकरीचे उभे दाणेदार पट्टे धारांसाठी ठेवले, आणि कागदाचा रंग तळाशी उसळणाऱ्या तुषारांना राखला. आता कड्याची उजेडातली बाजू विटकरी, सावलीची बाजू विटकरी अधिक नीळ, झाडी काव अधिक नीळ, आणि आकाश कोरा कागद. खात्री करण्यासाठी सगळे चित्र करड्या रंगात बदलून पाहिले. आकाश, पाणी आणि कडा या तिघांच्या छटा लांबूनही वेगळ्या दिसल्या, म्हणून रंग कायम केले. काव आणि विटकरी करड्यात सारख्याच आल्या असत्या, तर पाणी कड्यात बुडाले असते आणि शाई बदलावी लागली असती.

१८ ऑगस्ट

अक्षरांची जागा ठरवली. मूळ छायाचित्रात आकाश चित्राच्या आठव्या भागाइतकेही नव्हते. पोस्टरात अक्षरे चित्रावर चिकटवलेली दिसता कामा नयेत, त्यांच्यासाठी चित्रानेच जागा सोडलेली असावी लागते. आकार सपाट असल्याचा इथे फायदा झाला. कडा, पूल आणि झाडी एकत्र उचलून खाली सरकवली, दरीचा तळ थोडा कापला, आणि १८ इंचांपैकी वरचे ५ इंच आकाशाला दिले. छायाचित्रात हे करायचे तर ढग जोडत बसावे लागले असते. इथे कोरा कागद वाढवला, एवढेच.

पाच इंच मला आधी जास्त वाटले होते, पण देवनागरीचा हिशेब रोमनहून वेगळा आहे. 'गोकाक' या शब्दात अक्षराचे अंग २.२ इंच धरले, तर 'गो'ची मात्रा शिरोरेषेच्या वर आणखी ०.७ इंच मागते, आणि ती मात्रा वरच्या कडेला टेकली तर सगळा शब्द कोंडल्यासारखा दिसतो. अक्षरे तयार फाँटातली घेतली नाहीत. जुने पाटीवाले चपट्या ब्रशने काढत तशी सारख्या जाडीची अक्षरे कागदावर काढून स्कॅन केली. दोन काने आणि 'ग'चा दंड सरळ खांबासारखे उभे राहिले, आणि खाली पडणाऱ्या पाण्याच्या उभ्या धारांशी त्यांचे चांगले जुळले.

शिरोरेषेने मात्र एक भांडण उकरले. धबधब्याच्या वरच्या अंगाला तो सुमारे दोनशे मीटर लांबीचा झुलता पूल आहे. चित्रात तो आडवा जातो आणि शिरोरेषाही आडवी. पहिल्या मांडणीत दोघांमध्ये फार थोडे अंतर होते, त्यामुळे पूल शब्दाखाली मारलेल्या रेघेसारखा वाटत होता. शब्द वर सरकवला, मधली जागा मोकळी ठेवली, आणि पुलाचा झोल छायाचित्रात आहे त्यापेक्षा किंचित वाढवला. रेघ सरळ न राहता वाकली की ती पूल म्हणून ओळखू येते.

खालच्या पट्टीत 'गोकाक रोड स्टेशन' अशी ओळ घातली, कारण अशी पोस्टरे बहुधा रेल्वेचीच असत आणि कुठे उतरायचे ते सांगत. तिच्या शेजारी तीच ओळ कन्नडमध्ये हवी होती, ती शेजारच्या अण्णांनी लिहून दिली. कन्नड अक्षरांचे तलेकट्टु प्रत्येक अक्षरावर सुटे असते, शिरोरेषेसारखे सलग नसते. दोन्ही ओळींचे माथे एका रेषेत जुळवले तर कन्नड ओळ खाली घसरल्यासारखी दिसते, म्हणून ती डोळ्यांनी बघून थोडी वर घेतली.

२२ ऑगस्ट

आज दाण्यांचे काम केले, आणि या सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते इथेच.

शिळाछापात दाणे का येत, ते आधी लिहून ठेवतो. छपाईचा चुनखडीचा दगड वाळूने घासून किंचित खरबरीत करत. त्यावर तेलकट खडू फिरवला की खडू उंचवट्यांना लागे आणि खळगे कोरे राहत. जोराने दाबले तर भरीव रंग, हलके फिरवले तर विरळ दाणे. म्हणजे दाणे ही एकाच शाईतून दुसरी, फिकी छटा काढण्याची युक्ती होती. मळवली येथे गेलेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या जुन्या तसबिरी भिंगाखाली पाहिल्या, तर चेहऱ्यावरच्या छटा अशाच ठिपक्यांतून जमवलेल्या दिसतात. फरक इतकाच की तिथे रंग पुष्कळ होते.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली अशी की सगळ्या चित्रावर एकच दाणेदार थर पसरणे चुकीचे आहे, कारण दाणे एकेका शाईचे असतात. विटकरीचे दाणे विटकरीच्या आकारातच संपले पाहिजेत. दुसरी अशी की दाण्याला मधली छटा नसते. तो शाईचा असतो किंवा नसतो. पडद्यावर सुंदर दिसणारे अर्धपारदर्शक करडे दाणे जाळीतून छापता येत नाहीत.

गिंपमध्ये यासाठी `Dissolve` ही मोड नेमकी कामाची निघाली. आकाराच्या कडेपासून आत विरत जाणारा ग्रेडियंट वेगळ्या थरावर घातला आणि त्या थराची मोड `Dissolve` केली, की अर्धपारदर्शक भाग सुट्या, भरीव पिक्सेलांत फुटतो. पण इंचाला ३०० पिक्सेल असताना एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटरचा होतो. इतका बारीक दाणा छापला जाईल का, अशी शंका होती, तरी पडद्यावर तो फार देखणा दिसत असल्यामुळे तसाच ठेवला आणि जाळीवर आकार उठवण्यासाठी विटकरीची एक चाचणी फिल्म काढून दिली.

२७ ऑगस्ट

शंका खरी ठरली. चाचणीत धारांचे पट्टे जवळजवळ नाहीसे झाले, आणि जिथे दाणे दाट होते तिथे ते एकमेकांत मिसळून डाग पडले. काकांनी जाळी भिंगाखाली धरून दाखवली. ती सेंटीमीटरला १२० धाग्यांची होती. ठिपका जाळीवर टिकायचा तर त्याने निदान तीन धाग्यांइतकी जागा व्यापली पाहिजे, नाहीतर जाळी धुताना तो आधाराअभावी वाहून जातो किंवा धाग्याआड लपतो. तीन धागे म्हणजे ०.२५ मिलिमीटर. माझा दाणा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा होता.

उपाय त्याच आकड्यात होता. दाणे इंचाला १०० च्या हिशेबाने, म्हणजे १२०० × १८०० पिक्सेलच्या चित्रात तयार करायचे आणि मग तिप्पट मोठे करायचे. तिथला एक पिक्सेल ०.२५४ मिलिमीटरचा होतो. नुसते मोठे केले तर दाणे चौकोनी राहतात आणि लगेच संगणकाचे काम म्हणून ओळखू येतात. म्हणून मोठे करताना दाण्यांच्या कडा मऊ करून मग उंबरठा लावला, त्यामुळे कोपरे गोल होतात आणि शेजारचे दाणे एकमेकांना ओबडधोबड चिकटतात, खडूच्या रेघेत चिकटावेत तसे. त्यासाठी इमेजमॅजिकची ही आज्ञा वापरली.

```
magick dane.png -filter Gaussian -resize 300% -threshold 50% dane-3x.png
```

एकटा सुटा दाणा यात कधी कधी जास्तच बारीक होतो. तसे झाले तर उंबरठ्याचा आकडा थोडा बदलून पाहावा लागतो, आणि चित्र पांढऱ्यावर काळे आहे की काळ्यावर पांढरे, यावर तो वाढवायचा की कमी करायचा हे ठरते. ग्रेडियंटची दाट बाजूही बदलली. दोन-तृतीयांशांहून अधिक जागा शाईची झाली की मधली भोके छापताना भरून जातात, म्हणून दाणे तिथवरच नेले आणि पुढे सरळ भरीव रंग केला. त्या ठिकाणी एक स्पष्ट कड दिसते, पण जुन्या पोस्टरांतही ती दिसतेच.

दाणे किती ठिकाणी घालायचे, याबाबत हात आवरला. पाण्याच्या धारा, कड्याच्या वरच्या दोन थरांच्या सावलीची कड, आणि क्षितिजाजवळ आकाशात कावेची हलकी झाक, इतकेच. झाडी पूर्ण सपाट ठेवली.

३० ऑगस्ट

पुलाचा प्रश्नही याच मापाने सुटला. छायाचित्रात पुलाचे उभे टांगते दोर एखाद-दुसऱ्या पिक्सेलचे आहेत. तेवढ्या जाडीचे ते छापले जाणार नाहीत, आणि सगळे जाड केले तर कुंपण दिसेल. म्हणून वरचा मुख्य दोर अर्ध्या मिलिमीटरचा, चालण्याची वाट ०.८ मिलिमीटरची, आणि टांगते दोर दर चारातला एक असे काढले. तरीही तो पूल वाटतो.

खालच्या पट्टीतली अक्षरे निळीच्या पार्श्वभूमीत कोरी सोडलेली आहेत, आणि तिथे शाई चहूबाजूंनी आत सरकते. 'स्टे'तला अर्धा 'स' पहिल्या चाचणीत बुजला होता. रेघा जाड केल्या आणि जोडाक्षरांतली पोकळी मुद्दाम रुंद ठेवली.

आता गणपती तोंडावर आले आहेत. काकांच्या जाळ्या मंडळांच्या पावत्यांत आणि पत्रिकांत अडकल्या आहेत. विसर्जनानंतर बघू, असे ते म्हणाले.

२२ सप्टेंबर

काल काव, आज विटकरी छापली. फिक्याकडून गडदाकडे हा क्रम. स्क्रीनची शाई मुळात झाकणारी असते; ती तशीच वापरली तर नीळ कावेवर बसून निळीच राहते, हिरवी होत नाही. म्हणून विटकरीत आणि निळीत पारदर्शक बेस मिसळावा लागला. बेस किती, ते एका चिठोऱ्यावर थर देऊन पाहूनच ठरवले. आमच्या निळीला समभाग लागला.

पण पाण्याच्या डाव्या कडेला, काव आणि विटकरी भेटतात तिथे, कागदाची एक कोरी फट दिसू लागली. मी कावेचा आकार विटकरीखाली ६ पिक्सेल, म्हणजे अर्धा मिलिमीटर, वाढवलेला होता. चाचणीत तेवढे पुरले होते. कागद सरकला असता, तर रंग जुळवण्यासाठी दोन्ही बाजूंना छापलेल्या खुणेच्या फुल्या सारख्याच चुकल्या असत्या. इथे फुली डावीकडे जुळत होती आणि उजवीकडे चुकत होती, याचा अर्थ कागदच मोठा झाला होता. रात्रभर पाऊस होता आणि कागद उघड्यावर सुकत होते. बारा इंच रुंदीचा कागद अशा हवेत इतका फुगणे अशक्य नाही.

बारा कागद बाद केले. उरलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा दुकानातच दोन दिवस मोकळा ठेवायचा, म्हणजे तो तिथल्या हवेला सरावेल, आणि एका दिवसात दोन रंग उरकायचे, असे ठरले. कावेची नवी फिल्म काढताना वाढ १२ पिक्सेलची केली. वाढीव काव विटकरीखाली थोडी जास्त तांबूस दिसते, पण ती कड्याच्या कडेला असल्यामुळे पाण्याचा ओलावाच वाटते.

२९ सप्टेंबर

तिन्ही रंग छापून झाले. चोवीस प्रती चांगल्या आहेत, तीन अंगठ्याच्या ठशांमुळे गेल्या. नीळ पडली आणि झाडी एकदम हिरवी झाली, तेव्हा काकांनी हातातला शाई ओढायचा स्क्वीजी बाजूला ठेवून प्रत खिडकीशी नेली.

एक खोट राहिली आहे. क्षितिजाजवळची कावेची झाक मी दाणेदार ठेवली होती, पण काव कोऱ्या कागदाच्या इतकी जवळची आहे की हातभर अंतरावरून ते दाणे दिसतच नाहीत, नुसता कागद मळल्यासारखा वाटतो. पुढच्या छपाईत ती झाक काढून टाकीन, किंवा तिथे विटकरीचे अगदी विरळ दाणे घालून पाहीन. कावेची फिल्म त्यासाठी पुन्हा काढावी लागेल.